पंप जागेवर होता

स्क्रीनवरच्या आलेखात दोन टेकड्या एकमेकींवर बरोब्बर बसल्या होत्या. निळी आणि लाल. त्या तशा बसायला नको होत्या.

पुण्यातल्या आमच्या प्रयोगशाळेतली ही गोष्ट. जुलैचा पावसाळी सोमवार होता. पीएच.डी.च्या पहिल्या वर्षाची विद्यार्थिनी सकाळी आठपासून कामाला लागली होती, आणि साडेबाराच्या सुमारास माझ्या टेबलापाशी येऊन हळूच म्हणाली, "मॅडम, आपल्या पेशी बिघडल्यात बहुतेक."

'आपल्या पेशी' म्हणजे काय ते आधी सांगायला हवं. K562 नावाच्या रक्ताच्या कर्करोगाच्या पेशी जगभरच्या प्रयोगशाळांत वाढवल्या जातात. एका अमेरिकन स्त्री रुग्णापासून मिळालेली ही पेशीमाला 1975 मध्ये प्रसिद्ध झाली. या पेशी द्रवात तरंगत वाढतात, साधारण दिवसाला दुप्पट होतात आणि व्हिनक्रिस्टिन या औषधाने अगदी थोड्या मात्रेत मरतात. आम्ही त्यांचीच एक वेगळी शाखा तयार केली होती. त्यासाठी अंगणातल्या सदाफुलीपासून मिळणारं हे व्हिनक्रिस्टिनच वापरलं. पेशी ज्या पोषक द्रवात वाढतात त्या मीडियममध्ये आधी त्याचा नुसता अंश टाकायचा, बहुतेक पेशी मरू द्यायच्या, उरतील त्या वाढवायच्या, आणि मग मात्रा किंचित वाढवायची. असं दहा महिने चाललं. शेवटी उरलेल्या पेशी मूळ पेशींच्या तुलनेत शंभरपट मात्रेतही निवांत वाढत होत्या.

इथपर्यंत नवल नाही. नवल पुढे आहे. या पेशींनी डॉनोरुबिसिन हे औषध जन्मात पाहिलेलं नव्हतं, तरी त्या त्यालाही दाद देत नव्हत्या. व्हिनक्रिस्टिन पेशीतल्या सूक्ष्मनलिका बांधू देत नाही, त्यामुळे पेशीचं विभाजन अडतं. डॉनोरुबिसिन मातीतल्या एका जिवाणूपासून मिळतं, लालभडक असतं आणि सरळ डीएनएच्या पायऱ्यांमध्ये घुसून बसतं. दोघांचं रूप वेगळं, काम वेगळं, घावही वेगळा. पेशीने एकाविरुद्ध केलेली तयारी दुसऱ्याविरुद्ध का उपयोगी पडावी? बहुऔषध प्रतिकार म्हणतात तो हाच. त्याचं एक मोठं कारण म्हणजे पी-ग्लायकोप्रोटीन नावाचा पंप. पेशीच्या आवरणात बसलेला हा पंप आत आलेलं औषध उचलून बाहेर टाकतो. औषध पुढे कुठे घाव घालणार आहे, याच्याशी त्याला कर्तव्य नसतं. रेणू साधारण मोठा आणि तेलकट आवरणात रमणारा असला की झालं.

सोमवारचा प्रयोग साधा होता. डॉनोरुबिसिन स्वतःच चमकतं. निळा लेसर मारला की नारिंगी उजेड देतं. मूळ पेशी आणि प्रतिकारक पेशी वेगवेगळ्या नळ्यांत घ्यायच्या, दोन्हींत सारखं औषध घालायचं, 37 अंशांवर तासभर ठेवायचं, मग बर्फात घालून धुवायचं आणि फ्लो सायटोमीटरमधून एकेक पेशी सोडत प्रत्येकीचं तेज मोजायचं. मूळ पेशी भरपूर चमकतात, त्यांची टेकडी उजवीकडे उभी राहते. प्रतिकारक पेशींनी औषध बाहेर टाकलेलं असतं, म्हणून त्यांची टेकडी डावीकडे. मधलं अंतर पाच-सहा पटींचं. हा प्रयोग मी कितीदा केला असेल याची गणती नाही.

आणि त्या दिवशी दोन्ही टेकड्या उजवीकडे, एकीवर एक.

माझ्या मनात पहिली शंका आली ती सरमिसळीची. पेशींच्या जगात ही भीती कायम डोक्यावर असते. स्तनाच्या कर्करोगाच्या प्रतिकारक पेशी म्हणून वर्षानुवर्षं जगभर वापरली गेलेली एक प्रसिद्ध पेशीमाला मुळात स्तनाची नव्हतीच, ती बीजांडकोशाच्या कर्करोगाची निघाली. तिचं नाव बदलून NCI/ADR-RES करावं लागलं. आमच्याकडेही कुणी पिपेट न बदलता एका फ्लास्कमधून दुसऱ्यात गेलं असेल तर? मूळ पेशी औषध नसलेल्या मीडियममध्ये भराभर वाढतात. दोन आठवड्यांत फ्लास्क त्यांचाच होतो.

दुसरी शंका: प्रतिकार हळूहळू गळून गेला असेल. या पेशींना मीडियममध्ये सतत थोडं व्हिनक्रिस्टिन द्यावं लागतं. ते बंद केलं की काही पेशीमालांमध्ये पंप कमी कमी होत जातो. पंप बांधायला पेशीला खर्च येतो, आणि गरज नसताना तो खर्च न करणाऱ्या पेशी पुढे जातात.

तिसरी शंका सगळ्यात कंटाळवाणी होती: पेशी मेल्या असतील. मेलेल्या पेशीचं आवरण फाटकं असतं, औषध सरळ आत जातं.

तिसरी शंका पाच मिनिटांत मिटली. मेलेल्या पेशींनाच निळं करणारा ट्रायपॅन ब्लू हा रंग घालून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. शंभरातल्या जेमतेम चार-पाच पेशी निळ्या, बाकी सगळ्या गोल, स्वच्छ, जिवंत. उरलेल्या दोन शंकांसाठी मी म्हटलं, आता अँटीबॉडी लावून पंप आहे की नाही ते बघू, संध्याकाळ होईल.

"ते केलंय मॅडम," ती म्हणाली. "सकाळी दोन्ही एकदमच लावलं होतं. एका भागाला अँटीबॉडी, एका भागाला औषध."

तिने ती फाइल उघडली आणि मी खुर्ची पुढे ओढली. पंपाचा पेशीबाहेर डोकावणारा भाग ओळखणारी ती अँटीबॉडी मूळ पेशींना जवळपास चिकटलीच नव्हती. प्रतिकारक पेशींवर मात्र ती खच्चून बसली होती. टेकडी अख्खी उजवीकडे, निमुळती, एकच. म्हणजे सरमिसळ नाही, पंप गळालेलाही नाही. त्याच फ्लास्कमधल्या, त्याच सकाळच्या पेशी. पंप जागेवर आहे आणि औषध तरीही आत आहे.

असं चित्र मी आधी कधी पाहिलं नव्हतं. पंप आहे पण चालत नाही, तर त्याला थांबवलं कुणी? आमच्याकडे पंप अडवणारी दोन-तीन रसायनं होती, पण ती त्या दिवशी कुलपातून बाहेरही निघाली नव्हती.

"अगं, औषध घालताना पेशी कशात होत्या?"

"बफरमध्ये."

"मीडियममध्ये का नाही?"

"मीडियम लाल असतो ना, त्यातल्या फिनॉल रेडमुळे रीडिंगला त्रास होईल असं वाटलं. बफर पारदर्शक होता, अँटीबॉडीसाठी काढलेलाच होता."

विचार चुकीचा नव्हता. रंगीत मीडियमचा उजेडाच्या मोजणीला थोडा त्रास होतो, हे खरंच आहे. मी फ्रिजमधून बाटली काढली. लेबलावर माझ्याच अक्षरात लिहिलं होतं: पीबीएस, 2 टक्के सिरम, 0.1 टक्के सोडियम अझाइड.

फ्लो सायटोमेट्रीच्या बफरमध्ये अझाइड घालायची पद्धत जुनी आहे. त्याने जंतू वाढत नाहीत, आणि पेशी पृष्ठभागावरची अँटीबॉडी आत ओढून घेत नाहीत. अँटीबॉडीसाठी ते उत्तमच. पण हाच अझाइड मायटोकाँड्रियातल्या श्वसनसाखळीची शेवटची कडी, म्हणजे ऑक्सिजनला इलेक्ट्रॉन देणारं एन्झाइम, बंद करतो. 0.1 टक्के म्हणजे लिटरमागे एक ग्रॅम, सुमारे 15 मिलिमोलर. मायटोकाँड्रिया ठप्प करायला एवढा भरपूर होतो. वर पीबीएस म्हणजे नुसतं मिठाचं पाणी, त्यात ग्लुकोज नाही. दोन टक्के सिरममधून येईल तो लेशमात्र. म्हणजे पेशींची मोठी भट्टी आम्ही विझवली होती आणि छोट्या चुलीतलं जळणही काढून घेतलं होतं. तास-दीड तास पेशी जिवंत राहतात, आवरण शाबूत राहतं, पण एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, तळाला जातं.

एटीपीवाचून हा पंप चालत नाही.

मला त्या क्षणी काय वाटलं ते नीट सांगता येईल का माहीत नाही. हा पंप एटीपीवर चालतो हे मी पंधरा वर्षं शिकवते आहे. पण इंधन काढून घेतलेला पंप असा हजारो पेशींवर जागच्या जागी उभा राहिलेला, आणि त्याच्या शेजारून औषध आत चाललेलं, हे मी पाहिलं नव्हतं. मी तिला म्हटलं, "काही टाकू नकोस. पेशी किती उरल्यात?"

भरपूर उरल्या होत्या. जेवणाचा डबा तसाच राहिला.

तिला आधी पंपाची रचना समजावी म्हणून मी दोन्ही हात पुढे केले. बोटांची टोकं एकमेकांना टेकलेली, मनगटं मात्र लांब. पंप असाच उभा असतो. बोटांची टोकं पेशीच्या बाहेरच्या बाजूला, मनगटं आत. तळव्यांमधली पोकळी आतल्या बाजूला उघडी असते. 1280 अमिनो आम्लांची एकच लांब साखळी बारा वेळा आवरणातून आरपार जाऊन ही पोकळी तयार करते. डॉनोरुबिसिनसारखा तेलकट रेणू आवरणातच रेंगाळत असतो, आणि तिथूनच तो बाजूच्या फटीतून या पोकळीत शिरतो. म्हणजे बरंच औषध पेशीच्या आतल्या पाण्यात उतरण्याआधीच पकडलं जातं. पोकळीच्या भिंती लवचीक आणि तेलप्रिय असतात. ठरावीक कुलपाला ठरावीक किल्ली, असा मामला नसतो, म्हणून सदाफुलीचा रेणूही मावतो आणि जिवाणूचाही.

मनगटांच्या जागी एटीपी धरणारे दोन भाग असतात. या कुळातल्या सगळ्या प्रथिनांत हे भाग सारखे सापडतात, त्यांना एटीपी बांधणारी कॅसेट म्हणतात, आणि त्यावरूनच एबीसी हे नाव पडलं. माणसात या कुळाची 48 जनुकं आहेत. एटीपीचे दोन रेणू दोन मनगटांच्या मध्ये येऊन बसले की मनगटं मिटतात. मी हात तसे केले. मनगटं जुळली की बोटांची टोकं आपोआप उघडतात. पोकळीचं तोंड आता बाहेरच्या बाजूला असतं आणि औषध बाहेर पडतं. मग एटीपी तुटतं, मनगटं सुटतात आणि पंप पुन्हा पहिल्या स्थितीत येतो.

"मग एटीपी नसेल तर?" तिने विचारलं.

"मग मनगटं मिटतच नाहीत. तोंड आतच राहतं. औषध येतं, बसतं, परत आत सुटतं."

तिने स्वतःचे हात तसे करून पाहिले. मग म्हणाली, "पण अझाइड पंपालाच चिकटत असेल तर? एटीपीचा संबंधच नसेल तर?"

पहिल्या वर्षाच्या मुलीने हे विचारावं याचा मला फार आनंद झाला, कारण खरी मेख तिथेच होती. तर्क सुंदर असला तरी तो तर्कच. एक उत्तर तयार होतं: पेशीची आवरणं वेगळी काढून पंपाने एटीपी किती तोडलं ते मोजतात, तेव्हा मायटोकाँड्रियातल्या एन्झाइमांनी मध्ये लुडबुड करू नये म्हणून मुद्दाम अझाइड घालतात. पी-ग्लायकोप्रोटीन त्यात आपलं काम करत राहतो. त्याला थांबवायला व्हॅनेडेट लागतं. पण हे झालं दुसऱ्यांनी केलेलं काम. आमच्या नळीत, आमच्या पेशींवर हे दाखवायचं असेल तर अझाइड तसाच ठेवून पेशींना एटीपी परत द्यायला हवं.

ते कसं देणार? एटीपी बाहेरून ओतून चालत नाही, ते आवरणातून आत जात नाही. पण ग्लुकोज जातं. आणि ग्लुकोजपासून एटीपी बनवण्याचा पहिला टप्पा, ग्लायकोलिसिस, मायटोकाँड्रियाबाहेर घडतो. अझाइड त्याला हात लावत नाही. एका ग्लुकोजमागे निव्वळ दोनच एटीपी मिळतात. कमाई थोडी, पण भराभर होते, आणि कर्करोगाच्या पेशी यात तरबेज असतात.

आम्ही प्रतिकारक पेशी अझाइडच्या बफरमध्येच डॉनोरुबिसिनने भरून घेतल्या, थंड बफरने धुवून बाहेरचं औषध काढून टाकलं आणि पुन्हा त्याच अझाइडच्या बफरमध्ये मोकळ्या केल्या. मग त्यांच्या चार नळ्या केल्या. पहिलीत काहीच नाही. दुसरीत 10 मिलिमोलर ग्लुकोज. तिसरीत तेवढंच 2-डीऑक्सीग्लुकोज. ही फसवी साखर आहे. पेशी तिला आत घेते, पहिली पायरी करण्यात उलट एटीपी खर्च करते, आणि पुढे काही होत नाही. साखरेच्या नुसत्या असण्याने काही घडत असेल तर ते इथेही दिसायला हवं होतं. चौथीत ग्लुकोज आणि सोबत 10 मायक्रोमोलर व्हेरापामिल. हे रक्तदाबाचं जुनं औषध या पंपाच्या पोकळीशी झोंबतं आणि त्याला अडकवून ठेवतं. पाचवी नळी मूळ पेशींची, तशाच भरलेल्या, ग्लुकोज घातलेली. सगळ्या 37 अंशांच्या पाण्यात ठेवल्या, आणि दर पाच मिनिटांनी थोडा थेंब काढून मशीनला द्यायचा असं ठरलं.

नशीब एवढंच की त्या दिवशी आम्ही रोडामीन 123 वापरलं नव्हतं. पंप मोजायला तो रंग फार लोकप्रिय आहे. पण तो जिवंत मायटोकाँड्रियात जाऊन साठतो, आणि अझाइडने मायटोकाँड्रियाचा विद्युतभार उतरला की मूळ पेशीसुद्धा त्याला नीट धरून ठेवत नाहीत. तेव्हा टेकड्या भलतीकडेच सरकल्या असत्या, आणि आम्ही आठवडाभर भलताच अर्थ लावत बसलो असतो.

पाच मिनिटं. दुसऱ्या नळीची टेकडी किंचित रुंद झाल्यासारखी वाटली. मी काही बोलले नाही.

दहा मिनिटं. ती डावीकडे निघाली होती. तेज जवळपास निम्म्यावर आलं होतं. सगळी टेकडी एकसंध सरकत होती. काही पेशी रिकाम्या आणि काही भरलेल्या असा प्रकार नव्हता.

वीस मिनिटं. तीस मिनिटं. अर्ध्या तासात ती प्रतिकारक पेशींच्या नेहमीच्या जागेच्या जवळ जाऊन उभी राहिली. पहिली नळी, जिला काहीच दिलं नव्हतं, थोडीशीच उतरली होती. बाहेर औषध नसलं की आतलं थोडं आपसूक झिरपतंच. फसव्या साखरेची नळीही तशीच. मूळ पेशींना ग्लुकोज मिळूनही त्यांची टेकडी जेमतेम हलली, कारण त्यांच्याकडे इंधन होतं पण पंप नव्हता. आणि व्हेरापामिलच्या नळीत पंपही होता, इंधनही होतं, तरी औषध आतच होतं.

ती स्क्रीनला नाक लावून बघत होती. मी तिला सांगितलं की कोपनहेगनमध्ये केल्ड डॅनो यांनी 1973 साली उंदरांच्या कर्कपेशी आणि हेच डॉनोरुबिसिन घेऊन दाखवलं होतं की प्रतिकारक पेशी औषध ऊर्जा खर्चून बाहेर ढकलतात. तेव्हा पंपाचं प्रथिन कुणी पाहिलेलंही नव्हतं. 1976 मध्ये टोरांटोत जुलियानो आणि व्हिक्टर लिंग यांना प्रतिकारक पेशींच्या आवरणात एक जाडजूड प्रथिन सापडलं. आवरणाची पारगम्यता ते बदलत असावं असं त्यांना वाटलं, म्हणून त्या इंग्रजी शब्दातलं पहिलं अक्षर घेऊन पी-ग्लायकोप्रोटीन असं नाव ठेवलं. दशकभराने त्याचं जनुक वाचलं गेलं तेव्हा कळलं की जिवाणूंच्या पंपांशी त्याचं नातं आहे. ज्या मातीतल्या जिवाणूपासून डॉनोरुबिसिन मिळतं, त्याच्याकडेही ते स्वतःच्या अंगातून बाहेर टाकायला एबीसी कुळातलाच पंप आहे. नाहीतर तो स्वतःच्याच विषाने मेला असता.

चहाला बसलो तेव्हा तिने साहजिक प्रश्न विचारला. व्हेरापामिलने एवढा पंप अडतो, तर रुग्णाला का देत नाहीत?

हा प्रश्न पहिल्यांदा जपानमध्ये त्सुरुओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या 1981 च्या कामामुळे सगळ्यांच्या डोक्यात आला. व्हेरापामिलने ल्युकेमियाच्या पेशींचा व्हिनक्रिस्टिनविरुद्धचा प्रतिकार मोडतो हे त्यांनी दाखवलं. पण आमच्या नळीत 10 मायक्रोमोलर होतं. रक्तात एवढं चढवायला गेलं तर रक्तदाब कोसळतो, हृदयाचे ठोके अडतात. पंपाला लागणाऱ्या मात्रेच्या खूप आधीच हृदय हात टेकतं. पुढे खास पंपासाठी नेमकी औषधं बनली. त्यातलं झोसुक्विडार साठीपुढच्या, तीव्र मायलॉइड ल्युकेमियाच्या चारशेहून अधिक रुग्णांच्या अमेरिकेतल्या चाचणीत डॉनोरुबिसिन आणि सायटाराबिनसोबत दिलं गेलं. 2010 मध्ये निकाल प्रसिद्ध झाला, आयुष्य वाढलं नव्हतं. त्याआधी 2001 मध्ये सायक्लोस्पोरिन वापरून केलेल्या एका चाचणीत फायदा दिसला होता. पण सायक्लोस्पोरिनमुळे रक्तातलं डॉनोरुबिसिनही वाढतं, तेव्हा गुण पंप अडवल्याचा की जास्त औषध मिळाल्याचा, हे वेगळं काढता येत नाही. माझं स्वतःचं मत असं की आपल्या नळीत एकच पंप दोषी असतो, कारण आपण तो तसा निवडून घेतलेला असतो. रुग्णाच्या पेशीत एमआरपी1, बीसीआरपी असे दुसरे पंप असतील, मरायचं टाळण्याच्या आणखी दहा वाटा असतील. एक दार बंद केल्याने घर बंद होत नाही.

शिवाय हा पंप कर्करोगासाठी जन्मलेला नाही. आतड्यात, यकृतात, मूत्रपिंडात आणि मेंदूच्या केशवाहिन्यांत तो आपल्या रक्षणाला बसलेला आहे. नेदरलँड्समध्ये हे जनुक काढून टाकलेले उंदीर तयार केले होते. दिसायला अगदी निरोगी. त्यांच्या अंगावरच्या पिसवांसारख्या बारीक किड्यांसाठी नेहमीचं आयव्हरमेक्टिन फवारलं आणि ते उंदीर पटापट मेले. साधे उंदीर ठणठणीत. मेंदूच्या दारावरचा पंप नसल्याने औषध सरळ मेंदूत गेलं होतं. 1994 साली ते काम प्रसिद्ध झालं. मेंदूच्या दाराशी हा पंप काय करतो ते एका फवाऱ्याने दाखवून दिलं.

पाचच्या सुमारास आमचे सर आले. त्यांना सगळं दाखवलं. त्यांनी पाचही आलेख एकापुढे एक पाहिले आणि एकच विचारलं, "तेज गेलं हे दिसतंय. औषध गेलं कशावरून?"

प्रश्न खरा होता. डॉनोरुबिसिन डीएनएमध्ये बसलं की त्याचं तेज मंदावतं. ते पेशीत इकडून तिकडे हललं, एखाद्या पिशवीत कोंडलं गेलं, किंवा पेशीने त्याचं रासायनिक रूपच बदललं, तरी मशीनला टेकडी सरकलेली दिसू शकते. मशीन पेशीचं तेज मोजतं, औषधाचा ठावठिकाणा सांगत नाही.

दुसऱ्या नळीचा बराच भाग उरला होता. सेंट्रीफ्यूजमध्ये फिरवून पेशी तळाला बसवल्या आणि वरचं पाणी अलगद काढून घेतलं. तसंच पहिल्या आणि चौथ्या नळीचंही. तिन्ही पाणी डोळ्यांना सारखंच दिसत होतं, लाल रंग जाणवण्याइतकं त्यात काही नव्हतं. फ्लुओरोमीटरमध्ये ठेवल्यावर मात्र दुसऱ्या नळीचं पाणी बाकी दोन्हींच्या कितीतरी पट चमकलं, आणि उजेडाचा पट्टा हुबेहूब डॉनोरुबिसिनचा. औषध बाहेर आलं होतं. पण सर अजून गप्प होते. ते निकामी होऊन आलं की जसंच्या तसं?

ते तपासायची युक्ती तिनेच सुचवली. मूळ पेशींची ताजी तुकडी घेतली आणि त्यांच्यावर ते पाणी घातलं, जे प्रतिकारक पेशींनी बाहेर टाकलं होतं. शेजारी पहिल्या नळीचं पाणी घातलेल्या पेशी, तुलनेसाठी. तासभर इन्क्युबेटर. बाहेर अंधारून आलं होतं, पाऊस पत्र्यावर वाजत होता, आणि त्या दिवशी पहिल्यांदा मला भुकेची आठवण झाली. आम्ही डबे उघडून गार पोळीभाजी खाल्ली.

दुसऱ्या दिवशी एटीपीही मोजलं. काजव्याच्या एन्झाइमवर चालणारी चाचणी असते, एटीपी असेल तेवढाच उजेड देते. अझाइडच्या नळीत उजेड जवळपास मेलेला होता, ग्लुकोजच्या नळीत परतलेला. व्हेरापामिलच्या नळीतही एटीपी व्यवस्थित होतं. म्हणजे तिथे इंधन संपलं नव्हतं, पंपच अडला होता. बफरच्या दोन बाटल्या वेगळ्या केल्या, अझाइडच्या बाटलीवर मोठी लाल पट्टी आली आणि पंपाच्या प्रयोगांसाठी फिनॉल रेड नसलेलं, ग्लुकोज असलेलं मीडियम मागवलं.

पण ते दुसऱ्या दिवशी. सोमवारी रात्री आठ वाजता आम्ही तिघं सूक्ष्मदर्शकाच्या अंधाऱ्या खोलीत होतो. तिने आधी तुलनेची काचपट्टी लावली. फिकट, जवळजवळ काळं. मग दुसरी लावली, फोकस केलं आणि बाजूला सरकून मला म्हणाली, "बघा ना मॅडम."

मूळ पेशींची केंद्रकं नारिंगी पेटली होती. प्रत्येक पेशीत एक गोल निखारा. दुसऱ्या पेशींनी उचलून बाहेर टाकलेलं तेच औषध, धडधाकट, पुन्हा डीएनएत जाऊन बसलं होतं.